डावं-उजवं आणि शिशाचा R

अरे, एक्सरे बघताना पेशंट तुझ्याकडे तोंड करून समोर उभाय असं धर, म्हणजे त्याची उजवी बाजू तुझ्या डावीकडे येणारच, यात पाठ करण्यासारखं काही नाही. खरा घोळ मार्करचा, म्हणजे एक्सरेवर बाजू सांगणाऱ्या R किंवा L अक्षराचा. आमच्याकडे एकदा बेडवर AP, म्हणजे किरण छातीकडून सोडून, काढली पण मशीनवर सेटिंग PA चं, म्हणजे किरण पाठीकडून सोडण्याचं राहिलं, सॉफ्टवेअरने इमेज फ्लिप केली आणि टेक्निशियनने सवयीने स्क्रीनवर डावीकडे R टाइप केला. हृदयाचं टोक आणि जठरातली हवा दोन्ही भलत्या बाजूला, सगळे म्हणाले सायटस इनव्हर्सस, म्हणजे जन्मतःच अवयव उलट्या बाजूला! (किती ते कौतुक.) कोपऱ्यात शिशाचा R मात्र उलटा, आरशात दिसतो तसा होता, तिथेच चोरी पकडली. म्हणून शिशाचा मार्कर एक्स्पोजरच्या आधीच लाव, नंतर टाइप केलेल्या अक्षरावर विसंबू नको, आणि न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुफ्फुसाभोवती हवा साठलेली असेल तर नळी घालण्याआधी स्टेथोस्कोप लावून बाजू ताडून बघ.