बुधवारी साडेदहा, रविवारी अडीच

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

परवा तू घरी आलीस तेव्हा चहा संपेपर्यंत तुझा फोन तीनदा वाजला, म्युनिकला शिकणाऱ्या तुझ्या जोडीदाराचा. दोनदा तू गॅलरीत जाऊन बोललीस आणि तिसऱ्यांदा फोन उलटा ठेवून माझ्याकडे पाहिलेस. जाताना पायऱ्यांवर विचारलेस, "काकू, कमी फोन कर असं म्हटलं तर त्याला वाटणार नाही का, की मी दूर चालले आहे?" तेव्हा मी नीट उत्तर दिले नाही, ते आता देते.

आधी घड्याळाचा गुंता सोडवू, कारण तुझ्या निम्म्या चिडीचे मूळ तिथे आहे. म्युनिक उन्हाळ्यात आपल्याहून साडेतीन तास मागे असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात आणि हे अंतर साडेचार तासांचे होते. तो ग्रंथालयातून रात्री आठला निघतो आणि खोलीवर चालत जाताना तुला फोन करतो. गेल्या महिन्यापर्यंत तेव्हा ठाण्यात साडेअकरा वाजत असत, आता साडेबारा वाजतात. त्याने सवय बदललेली नाही. तुझी झोप मात्र एका तासाने कापली गेली, आणि सकाळी ऐरोलीची लोकल काही तुझ्यासाठी थांबत नाही. तो हट्टी झाला आहे असे तू म्हणालीस. हे गणित त्याच्याही लक्षात आले नसेल, हे तुला कसे सुचले नाही? मार्चच्या शेवटच्या रविवारी हाच तास उलटा सरकेल, तेव्हा ठरवलेली वेळ भारतीय घड्याळाने बांधून घे.

आता मुख्य गोष्ट. काय कमी करणार हे सांगण्याआधी काय नक्की देणार ते सांग. "रोज तीनदा फोन नको" हे वाक्य कितीही गोड आवाजात म्हटलेस तरी ऐकणाऱ्याला त्यातला "नको" तेवढा ऐकू येतो. तेच असे म्हणून पाहा : "रात्री साडेबाराला मी नुसतं हं हं करते, आणि तुझं बोलणं अर्धवट ऐकलेलं मला आवडत नाही. बुधवारी रात्री साडेदहाला अर्धा तास आणि रविवारी दुपारी अडीचपासून हवा तेवढा वेळ माझा. बाकीच्या दिवशी झोपायच्या आधी एक व्हॉइस मेसेज मी पाठवीन, एक तू पाठव." बुधवारी त्याच्याकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतील आणि त्याला पुस्तक मिटून बाहेर यावे लागेल. इतके त्यालाही करू दे. रविवारी तिकडे सकाळचे दहा असतील, तेव्हा दोघेही जागे आणि निवांत असाल.

हे सांगायचे ते बोलून, लिहून नाही, आणि भांडण झालेल्या रात्री तर मुळीच नाही. चांगल्या चाललेल्या रविवारच्या गप्पांच्या मध्यात सांग. अगदी शेवटी सांगितलेस तर तो फोन ठेवून त्याच विचारात एकटा बसेल. कारण एकच दे. तू मला पाच कारणे मोजून दाखवलीस : झोप, आई, ऑफिस, लोकलमधली गर्दी, फोनची बॅटरी. पाच कारणे दिलीस की तो प्रत्येकावर उपाय सुचवेल. बॅटरीसाठी पॉवर बँक, लोकलसाठी हेडफोन. मग तुझ्याकडे नकाराशिवाय काही उरणार नाही आणि तोच त्याला कोरडेपणा वाटेल.

माझ्यावर हा आरोप झालेला आहे, म्हणून अधिकाराने लिहिते. तुझे काका मस्कतला होते तेव्हा मी दर रविवारी नौपाड्यातल्या आयएसडी बूथवर जात असे. मधल्या दिवशी त्यांचा फोन शेजाऱ्यांकडे आला, तर घरी सर्व कुशल आहे एवढे कळवून मी बोलणे संपवीत असे, कारण तिथे दहा माणसांसमोर बोलायचे आणि इकडे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पडलेला असायचा. सासूबाई मला थंड बाई म्हणत. म्हणोत बापड्या. पाऊस असो, ताप असो, रविवारचा फोन मी कधी चुकवला नाही, आणि मधल्या काळात येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर आवाज भरलेल्या कॅसेट पाठवल्या. काकांनी कधी तक्रार केली नाही. खंत आहे ती एवढीच की पैसे वाचवण्यासाठी आम्ही त्याच कॅसेट पुसून पुन्हा पुन्हा भरल्या; आज एकही शिल्लक नाही. तुमचे व्हॉइस मेसेज जपून ठेव.

तेव्हा पुन्हा सांगते, देणे आधी. ठरलेला बुधवार तू दोनदा चुकवलास की मर्यादा हा शब्द उच्चारण्याचा तुझा हक्क संपला. ऑफिसात काम अडकले तर साडेदहाला नव्हे, नऊलाच कळव आणि त्याच निरोपात दुसरी वेळ दे.

पहिले दोन आठवडे तो मंगळवारीही फोन करून पाहील. फोन वाजत ठेवू नकोस आणि उचलूही नकोस, तो कापून लगेच लिही, "उद्या साडेदहाला. आज गाडी अर्धा तास अडकली होती, ती गंमत तेव्हा सांगते." दिवसाचा असा एखादा तुकडा सोबत असला की नकार बोचत नाही. तू फोन घेणार नाहीस आणि मध्यरात्री व्हॉट्सॲपवर ऑनलाइन दिसशील, हेही आधी बोलून टाक. तू बहिणीशी दोन ओळी लिहीत असशील, तो मात्र ते 'ऑनलाइन' पाहत बसेल. म्हणून काही मुली 'लास्ट सीन' लपवतात. तसे करू नकोस. काल दिसणारी गोष्ट आज दिसेनाशी झाली तर संशय वाढतोच.

तातडीसाठी एक वाट मोकळी ठेवा. व्हॉट्सॲप कॉल थांबू शकतो, पण साधा आंतरराष्ट्रीय फोन आला तर तो कुठल्याही वेळी उचलायचा. त्याला पैसे पडतात, त्यामुळे उगाच कोणी लावत नाही.

हे जमत नाही हे कसे ओळखावे? बुधवारचा अर्धा तास मंगळवारी का बोललो नाही याच्या हिशेबात जाऊ लागला, तर वेळ चुकीची निवडली आहे असे समज आणि दिवस बदलून पाहा. पण तो तुझ्या मैत्रिणींना फोन करून तू कुठे आहेस हे विचारू लागला, तर तो प्रश्न फोनच्या संख्येचा राहिला नाही. ते पाळत ठेवणे आहे. तेव्हा वेळापत्रक मांडत बसू नकोस, सरळ माझ्याकडे ये.

फेब्रुवारीत त्याच्या परीक्षा असतील. त्या काळात तो खचेल आणि रोज बोलावेसे वाटेल असे म्हणेल. रोज बोल, अवश्य बोल, पण "शेवटचा पेपर होईपर्यंत रोज दहा मिनिटे" असे त्याची मुदत सांगूनच बोल. पेपर संपल्यावरच्या पहिल्या रविवारी अडीच वाजता फोन तू लाव, त्याने लावायची वाट पाहू नकोस.

तुझी,
काकू