पुढच्या तारखेचा चेक टाकला, पैसे कुठं अडकले?

भाऊ, आधी चेकवरची तारीख पाहा. इतवारीतल्या व्यापाऱ्यानं 10 तारखेचा चेक दिला आणि तू 8 लाच टाकला तर तो परत येईन, वर रिटर्न चार्जेसही लागू शकतात. समज, 10 ला दुसरा शनिवार आहे, म्हणजे बँक बंद, ड्रॉपबॉक्समध्ये टाकला तरी सोमवारीच उचलणार. ऑक्टोबर 2025 पासून चेक बॅचमध्ये थांबत नाही, दिवसा ठरलेल्या वेळेत स्कॅन होऊन लगेच पुढं जातो अन् समोरच्या बँकेला संध्याकाळी 7 पर्यंत हो-नाही सांगावं लागते. पण हे घड्याळ स्कॅन झाल्यावर सुरू होते, डब्यात टाकल्यावर नाही, खरा उशीर तिथंच होतो! म्हणून मोठी रक्कम असली तर काउंटरवर देऊन शिक्क्याची पावती घे.

व्यापारी "थोडं थांब ना भाऊ" म्हणत राहिला तरी चेक तारखेपासून तीनच महिने चालतो हे लक्षात ठेव. बॅलन्स नाही म्हणून बाऊन्स झाला तर रिटर्न मेमो नक्की माग, मेमोची माहिती मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस जायला पाहिजे, नुसता व्हॉट्सअॅपवर तगादा लावून बसू नको.