हॉप्फ बायफर्केशन शिकताय? ब्रुसेलेटर घ्या

पॅरामीटर बदलताना स्थिर बिंदू अस्थिर होऊन त्याच्याभोवती आंदोलन जन्मते, ते हॉप्फ बायफर्केशन. ब्रुसेलेटर हे रासायनिक आंदोलनाचे साधे मॉडेल आहे. सुरुवातीला हे एकच उदाहरण कागदावर पूर्ण सोडवा:

x' = a − (b+1)x + x²y
y' = bx − x²y

स्थिर बिंदू (a, b/a) आहे. तिथे जॅकोबियनचा ट्रेस b − 1 − a² आणि डिटर्मिनंट a² येतो. a = 1 ठेवून b वाढवत न्या. b = 1.8 ला आयगेनव्हॅल्यू −0.1 ± 0.995i येतात, म्हणजे आंदोलने विझतात. b = 2 ला त्या ±i होऊन काल्पनिक अक्षावर येतात आणि b = 2.2 ला वास्तव भाग +0.1 होतो. आता बिंदूजवळून सुटलेला मार्ग बाहेर सरकत एका बंद वक्रावर स्थिरावतो. b = 2 च्या जरा पुढे त्याचा आवर्तकाल साधारण 2π असतो, आकार √(b−2) च्या प्रमाणात वाढतो.

नवखे इथे चुकतात:

- फक्त ट्रेस शून्य पाहतात. डिटर्मिनंट धन नसेल तर आंदोलन नाही.
- आंदोलनाचा आकार आयगेनव्हॅल्यूंतून काढू पाहतात. तो अरेषीय पदे ठरवतात.
- संगणकावर मार्ग काढताना ऑयलर पद्धत वापरतात. ही चूक सर्वांत फसवी! b = 1.98 ला आंदोलन विझायलाच हवे, पण 0.05 च्या पायरीने ते वाढताना दिसते. रुंगे-कुट्टा वापरा आणि पायरी निम्मी करून पुन्हा पाहा.

सबक्रिटिकल प्रकार, ज्यात बंद वक्र अस्थिर असतो, सध्या बाजूला ठेवा.