बस्त्याचे पाहुणे आणि मुक्काम

‘ताई, आम्ही टिळकवाडीत राहतो. येत्या शनिवारी चंदगडहून चुलत दिरांकडची आठ माणसं लेकीचा बस्ता बांधायला बेळगावात येणार आहेत. ह्यांनी फोनवर परस्पर ‘दोन रात्री आमच्याकडंच ऱ्हावा’ म्हणून सांगितलं. मी शिक्षिका, सोमवारी तपासलेले पेपर द्यायचेत. नाही म्हटलं तर हे अबोला धरतात आणि मलाच अपराधी वाटत राहतं. काय करू?’
– एक वाचक

आधी एक मनाशी ठरवा: तुम्हाला नेमकं काय नकोय? माणसं, मुक्काम, स्वयंपाक, की न विचारता शब्द दिला ते? तुमच्या पत्रावरून मला तरी माणसं नकोशी दिसत नाहीत. मग नकार फक्त मुक्कामाला द्या.

आजच रात्री, जेवणं आटोपल्यावर, दोघंच असताना सांगा. ‘अहो, भावजी आले तर मला आनंदच आहे. पण ह्या शनिवारी दोन रात्रीचा मुक्काम मला जमणार नाही. दुपारचं जेवण आपल्याकडं करू.’ एवढंच बोला आणि थांबा. बहुतेक जणी इथंच चुकतात, एकामागून एक कारणं देत सुटतात. पेपर आहेत म्हटलं की ‘रात्री तपास’, गाद्या कमी म्हटलं की ‘शेजारून आणू’. प्रत्येक कारणाला उत्तर मिळतं आणि शेवटी तुम्ही ‘बरं’ म्हणून मोकळ्या होता, मग चार दिवस धुसफुसता. खरं कारण एकच द्या. डोकं दुखतंय वगैरे खोटं तर मुळीच नको. ते उघडं पडलं की पुढचा खरा नकारही कुणी मानत नाही.

आता नवऱ्याच्या बाजूनं बघा. ‘बेळगावात घर असून एक रात्र ठेवून घेतलं नाही’ हे गावात ऐकावं लागेल, ही त्यांची भीती खरी आहे. म्हणून फोन त्यांनीच करावा, आणि तोही ‘ती नको म्हणते’ असा नव्हे. ‘दादा, ह्या खेपेला मुक्काम जमत नाही, जेवायला मात्र घरीच या. दुपारनं मी शहापूरला दुकानात तुमच्यासंगं येतो.’ चंदगड काही लांब नाही. खरेदी एका दिवसात उरकत नसेल तर रात्रीसाठी लॉजची खोली त्यांनीच बघून द्यावी.

अबोला धरला तर चहा नेहमीसारखा द्या, नेहमीसारखं बोला. पण दुसऱ्या दिवशी शब्द फिरवू नका आणि भरपाई म्हणून पुरणपोळीचा घाटही घालू नका. नकार मागं घेतला की अबोला धरल्यावर काम होतं, हेच ते शिकतील. राग निवळला की विचारा, ‘तुम्हाला नेमकं कशाचं वाईट वाटलं?’ कदाचित शिकताना ते ह्याच भावाकडं राहिले असतील. तसं असेल तर लग्नात तुम्ही दोघं दोन दिवस आधी जा, कामाला हात लावा.

राहिलं अपराधी वाटणं. खोटं बोललात का? कुणाचा अपमान केलात का? नसेल तर ती फक्त सवय मोडल्याची कुरकुर आहे. ती असतानाही पेपर तपासता येतात. मात्र अबोल्याच्या जागी मारहाण किंवा धमकी असेल तर हा सल्ला तुमच्यासाठी नाही, १८१ ह्या महिला हेल्पलाइनवर फोन करा.

आणि पाहुणे गेल्यावर दोघांत एवढं ठरवून टाका: मुक्कामाचा फोन आला की कुणीही लगेच हो म्हणायचं नाही, ‘घरात विचारून सांगतो’ म्हणायचं. हे तुमच्या माहेरच्या फोनलाही लागू.