गरोदरपणातील कॉफी: कप मोजताना काय सुटते

‘मला चौथा महिना लागला आहे. कॉफी सोडवत नाही. सासूबाई म्हणतात, कॉफीने गर्भ पडतो आणि बाळ काळे होते. डॉक्टर म्हणाले, थोडी चालेल. थोडी म्हणजे नेमकी किती?’

हा प्रश्न विचारणारी तरुणी खानापूर तालुक्यातील होती. नोकरीनिमित्त काही वर्षे बेंगळुरूत राहिल्यामुळे तिला फिल्टर कॉफीची सवय लागली होती आणि सासरी मात्र दिवसभर चहाचा राबता होता. बाळाच्या वर्णाचा कॉफीशी काहीही संबंध नाही, तो आई-वडिलांकडून येतो, हे मी प्रथम तिच्या सासूबाईंना सांगितले. गर्भपाताची त्यांची भीती मात्र अगदीच निराधार नव्हती, कारण कॉफीतील कॅफिन वारेतून बाळापर्यंत पोहोचते आणि ते पचवण्याची यंत्रणा गर्भात तयार झालेली नसते. शिवाय गरोदरपणात आईच्या शरीरातूनही कॅफिन सावकाश बाहेर पडते. एरवी त्याचे प्रमाण निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात, तर शेवटच्या महिन्यांत पंधरा तासांपर्यंत लागू शकतात. म्हणजे संध्याकाळच्या कॉफीचा बराच अंश दुसऱ्या दिवशी सकाळीही अंगात असतो.

म्हणूनच बहुतेक स्त्रीरोगतज्ज्ञ दिवसाला 200 मिलिग्रॅमपेक्षा कमी कॅफिन हे मध्यम प्रमाण मानतात. एवढ्या प्रमाणाने गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती होण्याचा धोका ठळकपणे वाढलेला दिसत नाही. बाळाच्या वजनावर होणाऱ्या परिणामाबद्दल मात्र अभ्यासकांचे एकमत नाही आणि काही जण कॅफिन पूर्ण टाळावे असेही म्हणतात. त्यामुळे 200 हा आकडा गाठायचा नसून त्याच्या बऱ्यापैकी खाली राहायचे आहे, असे मी सांगते.

तिच्या मते ती ‘दोनच कॉफी’ घेत होती. मी तिला सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत जे जे प्यायले जाते ते सांगायला लावले आणि घरातील पेल्यात किती पाणी मावते तेही मोजून आणायला सांगितले. पेला दीडशे मिलिलिटरचा निघाला. एवढ्या फिल्टर कॉफीत साधारण 80 ते 120 मिलिग्रॅम कॅफिन असते, तेव्हा दोन पेल्यांतच 200 च्या आसपास झाले. दुपारी जाऊबाईंसोबत घेतलेली इन्स्टंट कॉफी तिने धरलीच नव्हती. तिचे साठेक मिलिग्रॅम. पाहुण्यांसोबतचे तीन कप चहा प्रत्येकी 40 धरले तरी 120. एकूण बेरीज 380 च्या घरात गेली. आपल्या भागात हेच अधिक घडते: कॉफीची धास्ती असते आणि चहा कोणी मोजत नाही. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असते, म्हणून तीही चौकशी मी करते.

डिकॉक्शनमध्ये, म्हणजे फिल्टरमधून उतरलेल्या कॉफीच्या अर्कात, नेमके किती कॅफिन आहे हे घरी काढता येत नाही, कारण पावडर किती घातली, पहिली धार घेतली की दुसरी आणि चिकोरी किती मिसळली आहे, यावर ते बदलते. चिकोरीत कॅफिन नसते, त्यामुळे चिकोरी मिसळलेल्या पावडरीची कॉफी तुलनेने सौम्य होते. परंतु ती कडू लागते म्हणून कडक आहे, असा अनेकींचा समज असतो. अंदाज करताना मी नेहमी वरचा आकडा धरते.

सगळे एकदम बंद केले असते तर तिचे डोके दुखले असते आणि ती पुन्हा गोळीकडे वळली असती. म्हणून आधी दुपारची इन्स्टंट कॉफी सोडली, काही दिवसांनी संध्याकाळच्या पेल्यात डिकॉक्शन निम्मे करून दूध वाढवले आणि शेवटी तो पेलाही थांबवला. चहाच्या जागी ताक किंवा आले घातलेले गरम दूध आले. आठवडाभराने सकाळची एक फिल्टर कॉफी आणि दुपारचा एक चहा उरला. दोन्ही मिळून वरच्या अंदाजानेही 160.

गरोदरपणातील तपासण्यांची नोंद असलेल्या तिच्या तायी कार्डावर हिमोग्लोबिन 10.2 लिहिलेले होते, आणि गरोदरपणात 11 पेक्षा कमी म्हणजे रक्त कमी. लोहाची गोळी ती न चुकता घेत होती, पण जेवण झाल्यावर लगेच आणि वर चहा. चहा-कॉफीतील टॅनिन लोहाला बांधून ठेवते, त्यामुळे ते शरीरात कमी शोषले जाते. माझ्या मते तिच्या बाबतीत ही गोष्ट पेल्यांच्या हिशेबाइतकीच महत्त्वाची होती. जेवण किंवा गोळी यांच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी घ्यायची नाही, असे ठरले आणि गोळी रात्री झोपताना लिंबूपाण्यासोबत घेण्यास तिच्या डॉक्टरांनी संमती दिली.

रक्तदाब वाढलेला असेल, छातीत धडधडत असेल किंवा पूर्वी गर्भपात झाला असेल, तर हे प्रमाण आपल्या मनाने न ठरवता डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. अंगावरून रक्त जात असेल किंवा पोटात कळा येत असतील, तर आदल्या दिवशी किती कॉफी झाली हे आठवत न बसता त्याच वेळी दवाखाना गाठावा.