'समजते' लिहू की 'सांगतो'? पाठाच्या उद्दिष्टातलं क्रियापद

प्रश्न: मी जि. प. शाळेवर नवीनच लागली, दुसरीचा वर्ग आहे. टाचणात 'विद्यार्थ्यांना हातच्याची बेरीज समजते' असं उद्दिष्ट लिहिलं तर सर म्हणाले हे डोळ्याला दिसणारं नाही, बदला. 'समजते' हा शब्द चूक आहे का?

शब्द चूक नाही ताई, त्याची जागा चुकली. 'उद्दिष्ट' उद् आणि दिश् यांपासून झाला, म्हणजे ज्याच्याकडे बोट दाखवलं ते, 'दिशा' आणि 'निर्देश' पण याच दिश् मधले. तासिका संपल्यावर मुलाकडे बोट करून 'हे बघा, याला आलं' असं ज्याबद्दल म्हणता येत नाही ते त्या तासिकेचं उद्दिष्ट कसं होईल? समजणं डोक्याच्या आत होतं, आणि आपल्याकडे 'समजलं का रे?' विचारलं की आख्खा वर्ग एका सुरात 'हाव जी' म्हणतो, त्यातून काहीच कळत नाही.

यात मराठीच आपल्याला मदत करते. मुलाला समजतं, मुलाला कळतं, मुलाला आवडतं, इथे मुलाला 'ला' लागतो कारण मूल काही करत नाही, त्याला आतून काही होते. मूल मांडतं, मोजतं, सांगतं, लिहितं, इथे मूल कर्ता आहे आणि त्याचं काम आपल्याला दिसतं. मात्र ही खूण आंधळेपणाने वापरू नका, 'जाणतो' मध्ये मूल कर्ता असूनही काही दिसत नाही, आणि 'मुलाला सांगता येतं' मध्ये 'ला' असूनही सांगणं ऐकू येतं. दुसरी चूक म्हणजे 'बेरजेचा परिचय करून देणे', 'संकल्पना समजावणे'. हे कोण करते? तुम्ही. ते तुमचं काम झालं, मुलाचं उद्दिष्ट नाही.

आता तुमचंच उदाहरण घेऊ, २७ + १५. एक मुलगा ३१२ लिहितो, त्याने २ आणि १ मिळून ३ केले आणि बाजूला ७ + ५ चे १२ जसेच्या तसे ठेवले. दुसरी ३२ लिहिते, ती हातचा विसरली. तिसरा ४२ लिहितो, तुम्ही बरोबरची खूण करता, पण त्याला विचारा की वरचा हा १ म्हणजे किती, तो म्हणेल 'एक'. म्हणजे रीत पाठ आहे, दशक कळला नाही, आणि हाच पोरगा पुढे तीन अंकी बेरजेत अडकतो. म्हणून नुसतं 'बेरीज करतो' एवढं लिहिलं तरी पुरत नाही, कारण हातच्याचा खरा मुद्दा त्यात दिसतच नाही. मी असं लिहीन:

'तुराटीच्या काड्या आणि रबर दिल्यावर विद्यार्थी १२ सुट्या काड्यांतून १० चा गठ्ठा बांधून दशकाच्या घरात ठेवतो आणि हातचा १ म्हणजे दहा हे सांगतो. त्यानंतर काड्यांशिवाय पाटीवर दोन अंकी बेरजेच्या ५ पैकी ४ उदाहरणांची उत्तरं बरोबर लिहितो.'

यात तीन गोष्टी आल्या: मूल काय करेल, कशाच्या मदतीने, आणि किती बरोबर आलं तर चालेल. ही मांडणी रॉबर्ट मेगर यांनी १९६२ साली केली, शिक्षणशास्त्रात आजही तीच शिकवतात. 'किती' वर जरा थांबा. पाचही उदाहरणं हातच्याचीच दिली तर मुलं सवयीने सगळीकडे वर १ मांडायला लागतात, म्हणून एक बिनहातच्याचं घाला, जसं ३४ + २५. तिथे कोणी ६९ लिहिलं तर समजा की त्याने न बघताच हातचा घेतला. आणि ही चूक झाली तर पाचात चार आले म्हणून सोडून देऊ नका, त्याला परत काड्यांवर आणा.

तासिका ३५-४० मिनिटांची असते, त्यात वरची दोन कामं भरपूर झाली. टाचणात एकाच पाठाला सहा-सात उद्दिष्टं लिहिलेली दिसतात, ती एका तासिकेत तपासून कोणाचीच होत नाहीत. अध्ययन निष्पत्ती म्हणून जे २०१७ पासून आपल्याकडे आलं ते वर्षाच्या शेवटी मुलाला काय यावं त्याबद्दल आहे, ते वाक्य उचलून एका दिवसाच्या टाचणात ठेवलं की तेही तपासता येत नाही.

आणि 'समजते' पूर्ण काढायची गरज नाही, ते घटकाच्या हेतूत राहू द्या: 'हातच्याची बेरीज समजणे'. त्याच्याखाली वरची दोन वाक्यं लिहा, म्हणजे समजलं हे कशावरून ओळखायचं ते टाचणातच येते.