रोज बाईकने जाता, मग शाम्पू किती वेळा?

अरे, रोज धूळ बसते म्हणून रोज कडक शाम्पू लावू नकोस, मी सुरुवातीला तेच केलं आणि महिन्याभरात टाळू ताणल्यासारखी व्हायला लागली, बारीक कोरडा पांढरा भुगा पडायला लागला, मला वाटलं कोंडा झाला म्हणून अजूनच जास्त धुवायला लागलो.

मुळात नुसती कोरडी धूळ पाण्याने बरीचशी निघून जाते. चिकटते ती टाळूच्या तेलात आणि घामात अडकलेली काजळी, ती साध्या पाण्याने निघत नाही. म्हणून दिवस मोजण्यापेक्षा तेल बघ. संध्याकाळी घरी आल्यावर पांढरा टिश्यू भांगावर आणि कानामागे हलकेच दाबून बघ. नुसता करडा डाग आला पण टिश्यू कोरडा असेल तर त्या दिवशी पाणी पुरे. तेलकट पारदर्शक डाग दिसला, किंवा खाज, वास येत असेल तर शाम्पू कर. माझं असं बघून एक दिवसाआड जमलं. तुझी टाळू खूप तेलकट असेल तर माईल्ड शाम्पूने रोज धुतलंस तरी चालतं, त्याने केस गळतात हा उगाचचा गैरसमज आहे.

शाम्पू टाळूवरच लाव, बोटांच्या पेरांनी मिनिटभर चोळ, नखांनी नको, टोकांना वाहणारा फेस पुरतो. आणि तेल लावून बाहेर पडू नकोस, त्यावर धूळ अजून चिकटते. हेल्मेटचं आतलं अस्तर पण धूत जा, हे सगळे विसरतात!

पिवळट चिकट खपल्या आणि लाली दिसली तर मात्र ती धूळ नाही, स्किनच्या डॉक्टरना दाखव.